डोक्यावर ऊन, ओढ्याला पूर

‘पिवळा इशारा’ म्हणजे ट्रेकला मोकळीक, असा समज आहे. हवामान खात्याचा तो इशारा जिल्ह्यातल्या दिवसभराच्या पावसाबद्दल असतो. ढगफुटी (लहान भागात तासाभरात १०० मिलीमीटर किंवा अधिक पाऊस) नेमकी कुठे होईल, हे त्यातून कळत नाही.

ओढा गच्चीच्या पाइपासारखा असतो: सगळ्या गच्चीचं पाणी एकाच तोंडातून पडतं. म्हणून खाली ऊन असलं, तरी वरच्या पठारावरचा पाऊस थोड्याच वेळात ओढ्यात उतरतो. पाणी एकाएकी गढूळ झालं, पाला-काटक्या वाहू लागल्या, की काठ सोडून उंचावर जावं. गुडघाभर वेगवान पाणीही माणसाला पाडतं. परतताना ओढा फुगलेला दिसला, तर अलीकडेच थांबावं. पाऊस ओसरल्यावर छोटे डोंगरी ओढे बहुधा काही तासांत उतरतात.