चालती मोटार, तुटपुंजी धार

अमरावतीच्या नळाचे पाणी सिंभोऱ्याजवळच्या अप्पर वर्धा धरणातून येत असले, तरी राजापेठेसारख्या दाट वस्तीतील अनेक घरांची आणि सदनिकांची वरकड गरज बोअरवर भागते. उन्हाळा तापू लागला की या बोअरांविषयी एकच तक्रार वारंवार ऐकू येते, ती म्हणजे मोटार चालते पण पाणी फेकत नाही. मोटार जळालेली असेल तर निदान सोपे असते. चालणारी मोटार मात्र घरमालकाला आणि कधीकधी कारागिरालाही चकवते, कारण घसलेला इंपेलर, पंपात शिरलेली हवा आणि उतरलेला व्होल्टेज या तिन्हींचे बाह्य लक्षण एकच, म्हणजे बारीक झालेली धार, असते.

सबमर्सिबल संचात मोटार खाली, तिच्यावर पाणी आत घेणारी जाळी आणि जाळीच्या वर पंप अशी रचना असते. पंप अनेक स्टेजांचा बनलेला असतो. प्रत्येक स्टेजमध्ये फिरणारी पात्यांची चकती, म्हणजे इंपेलर, आणि तिने फेकलेले पाणी वरच्या स्टेजकडे वळवणारी स्थिर वाटी असते. प्रत्येक स्टेज पाण्याच्या दाबात थोडी भर घालते आणि त्या सर्वांच्या बेरजेतून, पाणी किती मीटर उंच चढू शकेल हे ठरते. या उंचीला हेड म्हणतात. धारेचा जोर एकूण हेडवर अवलंबून नसून प्रत्यक्ष चढण भागवून जे हेड शिल्लक उरते त्यावर अवलंबून असतो, आणि ही शिल्लक बहुधा फार थोडी असते.

एक नमुना हिशेब पाहावा. दीड अश्वशक्तीच्या सिंगल फेज संचाला १५ स्टेज असून व्हॉल्व्ह बंद असताना त्याचे हेड ९० मीटर आहे, चालू पंपात बोअरमधील पाण्याची पातळी ५५ मीटरवर आहे आणि गच्चीवरील टाकी जमिनीपासून १२ मीटर उंच आहे, असे धरले तर पाण्याला ६७ मीटर चढायचे असते आणि शिल्लक २३ मीटरची राहते. या शिलकीवर नवा पंप मिनिटाला ५० लिटर पाणी देतो, असे समजू.

आता संध्याकाळी सर्वांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या आणि पॅनेलवर २३० ऐवजी १८० व्होल्टच उरले, तर मोटारीचे फेरे मिनिटाला २८५० वरून सुमारे २७५० वर येतात. ही घट साडेतीन टक्क्यांची आणि कानाला न कळणारी असते, परंतु हेड फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्यामुळे ९० चे ८४ मीटर होतात आणि धार ४३ लिटरवर येते. त्यातच इंपेलर घसून हेड आणखी दहा टक्क्यांनी कमी झाले, तर ७५ मीटर उरतात आणि धार ३० लिटरवर उतरते. एप्रिलमध्ये पाण्याची पातळी ६ मीटर खाली गेली की शिल्लक दोन-अडीच मीटरचीच राहते आणि टाकीत मिनिटाला जेमतेम १६ लिटर पडतात. यांपैकी कोणतेही एक कारण एकट्याने पंप थांबवण्याइतके मोठे नसते; म्हणूनच एकाच कारणाचा शोध घेणारा कारागीर बहुधा अर्धवट यशस्वी होतो.

निदानाची पहिली साधने पॅनेलवरच असतात. व्होल्टेज मोटार बंद असताना पाहणे निरर्थक असते, कारण बारीक किंवा लांब केबलमध्ये होणारी घट भार पडल्यावरच दिसते. त्यासोबत अँपिअर पाहिले की दोन वाटा वेगळ्या होतात. व्होल्टेज कमी पडला की तेच काम करण्यासाठी मोटार जास्त प्रवाह ओढते आणि तापते. घसलेला किंवा हवेने भरलेला पंप मात्र पाणीच उचलत नसल्यामुळे प्रवाह नेहमीपेक्षा कमी दिसतो. (थ्री फेज मोटारीत तिसरी शक्यताही तपासावी लागते. केबल सोडून पुन्हा जोडताना दोन तारांची अदलाबदल झाली तर मोटार उलटी फिरते, तरीही थोडे पाणी येत राहते आणि दोष उगाच इंपेलरवर ढकलला जातो.)

झीज आणि व्होल्टेज यांचा वाटा वेगवेगळा मोजायचा असेल, तर बोअरच्या तोंडाशी दाबमापक बसवून व्हॉल्व्ह काही सेकंदांपुरता पूर्ण बंद करतात. पाणी अडलेले असल्यामुळे पंप खूप वेळ असा चालवला तर तापतो, एवढी काळजी घ्यावी लागते. दर चौरस सेंटीमीटरला एक किलो दाब म्हणजे साधारण १० मीटर हेड. पहाटे व्होल्टेज पूर्ण असताना मापक २.६ किलो दाखवत असेल, तर त्यात ५५ मीटर मिळवून ८१ मीटर होतात आणि नव्या पंपाच्या ९० मीटरांशी पडणारा ९ मीटरांचा फरक झिजेचा ठरतो. तेच मापक संध्याकाळी २ किलोवर आले, तर मधली ६ मीटरांची तूट व्होल्टेजची असते.

झिजेमागे बहुधा पाण्यासोबत येणारे बारीक कण असतात. अमरावती शहराखालील काळा बेसाल्ट स्वतः वाळू देत नाही, पण वरच्या मुरमाच्या थरात केसिंग पाइप नीट बसला नसेल तर तेथून माती झिरपते. अकोला-दर्यापूर बाजूच्या पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात गाळाचे थर आणि खारे पाणी दोन्ही असल्याने घासणे आणि गंजणे एकत्र चालते. उघडलेल्या पंपात इंपेलरच्या तोंडाची मान रुंदावलेली आणि पात्यांच्या कडा पातळ झालेल्या दिसतात. मान रुंदावली की वर ढकललेले पाणी त्याच फटीतून पुन्हा मागे फिरते, आणि मोटारीची मेहनत पाणी आतल्या आत फिरवण्यात जाते.

हवेची गोष्ट यापेक्षा निराळी आहे. हवा पाण्याच्या सुमारे आठशेपट हलकी असल्यामुळे हवेत फिरणारा इंपेलर जवळजवळ दाबच निर्माण करत नाही, आणि वरचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह पाण्याच्या भाराखाली बंदच राहतो. बेसाल्टमधील पाणी भेगांतून आणि दोन लाव्हा थरांच्या सांध्यांतून येते. पातळी अशा भेगेच्या खाली गेली की पाणी भिंतीवरून कोसळत बुडबुडे घेऊन खाली येते आणि ते जाळीत ओढले जातात. नळाला फुसफुस आवाज येतो, धार थांबून थांबून येते आणि पेल्यातले पाणी दुधाळ दिसते. दुधाळपणा तळाकडून वर निवळत गेला तर ती हवा असते. वरून स्वच्छ होत तळाशी गाळ बसला तर ती माती असते. मोटार काही मिनिटे बंद ठेवल्यास पातळी पुन्हा चढते, पंपात अडकलेल्या हवेला निघायला वाव मिळतो आणि धार बहुधा परत येते. ती लगेच पुन्हा तुटली, तर बोअरची आवक पंपाच्या ओढीपेक्षा कमी आहे असे समजावे. अशा वेळी व्हॉल्व्ह थोडा आवळून धार कमी केल्यास पंप सलग चालतो.

पंप आणखी खोल सोडावा, हा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने जाळी पाण्यात बुडून राहते आणि हवेचा त्रास कमी होतो. परंतु चढण पंपाच्या जागेपासून नव्हे, तर पाण्याच्या पातळीपासून मोजली जाते. त्यामुळे झिजलेल्या पंपाला खोलीचा काहीही लाभ होत नाही, आणि वाढवलेल्या केबलमुळे व्होल्टेज मात्र आणखी थोडा उतरतो.