नागिणीचं तोंड शेपटीला का मिळत नाही, आणि ७२ तासांचा हिशोब

आपल्याकडे नागीण उठली की घरात पहिली धास्ती एकच असते: विळखा पूर्ण होतोय का? तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळालं की माणूस दगावतो, असं परभणीपासून पुण्यापर्यंत सगळीकडे ऐकायला मिळतं. मग रोज सकाळी पुरळ कुठवर सरकलं ते बघायचं, गेरू किंवा दूर्वा-तांदळाचा लेप लावायचा, कुणी उतरवणारा असेल तर त्याच्याकडे जायचं. ही भीती खोटी आहे, पण माझा आक्षेप तिच्या खोटेपणावर नाही. पुरळ वाढतंय का ते बघण्यात जे दोन-चार दिवस जातात, नेमके तेच दिवस औषधाचे असतात.

आधी विळख्याचं बघू. नागीण बाहेरून लागत नाही. लहानपणी कांजण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्यालगत मज्जातंतूंच्या गाठी असतात, तिथे तो वर्षानुवर्षं झोपून राहतो. ही कल्पना नीट मांडली ती एडगर होप-सिम्पसन या इंग्लंडमधल्या एका साध्या फॅमिली डॉक्टरने. सायरेनसेस्टर या छोट्या गावातल्या आपल्याच दवाखान्यातल्या नागिणीच्या पेशंटांची त्याने सोळा वर्षं नोंद ठेवली आणि १९६५ साली निबंध लिहिला. वय वाढतं तशी विषाणूला दाबून ठेवणारी प्रतिकारशक्ती ढिली पडते, आणि एखाद्या गाठीतला विषाणू जागा होऊन त्याच तंतूवरून कातडीपर्यंत येतो, असं त्याचं म्हणणं होतं.

आता प्रत्येक गाठीतून निघणारा तंतू शरीराच्या एकाच बाजूला जातो. डाव्या गाठीचा तंतू पाठीच्या मध्यापासून बरगडीखालून पोटाच्या मध्यरेषेपर्यंत येतो आणि तिथे संपतो. पलीकडचा भाग उजव्या गाठीचा. म्हणून पुरळ पट्ट्यासारखं दिसतं आणि मध्यरेषेवर थांबतं. दोन्ही बाजूंना किंवा अंगभर फोड आले, तर ते प्रतिकारशक्ती फार खालावल्याचं लक्षण असू शकतं. मग थेट मोठ्या दवाखान्यात जायचं. पण तिथेही धोका विळख्याचा नसतो.

आता एक उदाहरण घेऊ. येलदरी हे पूर्णा नदीवरच्या धरणाचं, जिंतूर तालुक्यातलं गाव. समजा, तिथल्या ६८ वर्षांच्या एका आजींना रविवारी डाव्या बरगडीखाली आग व्हायला लागली. कातडीवर काहीच नाही. कुणी म्हणालं गॅस, कुणी म्हणालं मुतखडा. छातीच्या डाव्या बाजूला दुखलं असतं तर हृदयाची शंका आली असती, आणि ती तपासणं योग्यच होतं. बुधवारी सकाळी तिथेच लाल चट्टे उठले, संध्याकाळपर्यंत त्यांवर पाण्याने भरलेले बारीक फोड आले, घोसासारखे.

७२ तास मोजायचे ते रविवारपासून नाही, बुधवारी सकाळी पुरळ दिसलं तिथून. म्हणजे शनिवार सकाळपर्यंत. आजी गुरुवारी जिंतूरला गेल्या तर पुरेसा वेळ आहे. ‘सोमवारी बाजाराच्या दिवशी दाखवू’ म्हटलं तर ती वेळ टळली.

हा आकडा आला कुठून? मला हे शोधायला मजा आली. ७२ तासांनी शरीरात कुठलंही दार बंद होत नाही. औषधांच्या चाचण्यांमध्ये पुरळ उठून ७२ तासांच्या आत आलेले पेशंट घेतले होते, म्हणून पुरावा तेवढ्यापुरता आहे. एसायक्लोव्हिर हे औषध विषाणू स्वतःच्या नकला काढत असतानाच त्याला अडवतं. झोपलेल्या विषाणूवर किंवा आधीच जखमी झालेल्या तंतूवर त्याचा उपयोग नाही. त्यामुळे लवकर तेवढं बरं. पण चौथ्या-पाचव्या दिवशीही नवे फोड येत असतील, डोळ्याजवळ पुरळ असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर डॉक्टर उशिरानेही गोळ्या सुरू करतात. ‘आता उशीर झाला’ म्हणून घरी बसू नका.

मूत्रपिंड नीट असलेल्या माणसाला नागिणीसाठी एसायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस देतात. म्हणजे ३५ गोळ्या. पाच वेळा घ्यायचं कारण हे की पोटातून ती फार थोडी शोषली जाते आणि रक्तातून लवकर उतरते. खेड्यातल्या घरात चौथी-पाचवी गोळी हमखास राहते. व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम दिवसातून तीनदाच घ्यायची असते, तेव्हा परवडत असेल तर डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा. ओठावरच्या जराला देतात तो डोस यापेक्षा बराच कमी असतो, म्हणून घरात उरलेल्या जुन्या गोळ्या खाऊन काम भागत नाही. आजींना मधुमेह असेल किंवा मूत्रपिंड कमजोर असेल, तर क्रिएटिनिन बघून डोस कमी करावा लागतो, नाहीतर भ्रम होण्यापर्यंत त्रास होतो. पाणीही भरपूर प्यायला हवं.

दोन गोष्टी लगेच बघायच्या. पुरळ कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल तर डोळ्याला धोका आहे, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आणि फोडांतल्या पाण्यातून, ज्याला कांजण्या झालेल्या नाहीत त्याला कांजण्या होऊ शकतात. म्हणून खपल्या धरेपर्यंत फोड झाकून ठेवा, आणि गरोदर सून किंवा तान्हं बाळ घरात असेल तर जरा लांब राहा.

आता खरी डोकेदुखी. दोन-चार आठवड्यांत खपल्या पडतात, लेप लावा किंवा लावू नका. म्हणून प्रत्येक लेपाला यश मिळाल्यासारखं वाटतं. पण काहींची आग राहते, आणि वय जितकं जास्त तितकी शक्यता जास्त. तीन महिन्यांनंतरही दुखत असेल तर ती नागिणीनंतरची मज्जातंतूची वेदना. पदर घासला तरी विजेचा झटका बसल्यासारखं होतं. कारण तंतूच जखमी झालेला असतो, आणि साध्या स्पर्शाचा निरोपही तो वेदना म्हणून वर पाठवतो.

गोळ्या लवकर घेतल्या की हे टळतं का? इथे मी हात राखून बोलेन. जुन्या चाचण्या एकत्र करून १९९६ मध्ये पाहिलं, तेव्हा पन्नाशीपुढच्या लोकांचं दुखणं थांबायला खोट्या गोळीवर मध्यक १०१ दिवस लागले, एसायक्लोव्हिरवर ४१. पण २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात चार-सहा महिन्यांनंतर दुखत राहिलेल्यांचं प्रमाण एसायक्लोव्हिरने ठळकपणे कमी झालेलं दिसलं नाही. माझ्या मते दोन्ही खरं आहे: दुखण्याचे दिवस कमी होतात, पण हट्टी वेदना टळेलच याची हमी नाही.

ती राहिलीच तर क्रोसिनसारख्या गोळ्या फार कामाच्या नाहीत. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन थोड्या डोसने, बहुधा रात्री सुरू करून हळूहळू वाढवतात. फरक पडायला आठवडे लागतात, तेव्हा चार दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडू नका. या गोळ्यांनी गुंगी येते, म्हातारं माणूस रात्री उठताना पडू शकतं. अमिट्रिप्टिलिन लघवी अडकणाऱ्याला किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्याला जपून. फोड पूर्ण भरल्यावर लिडोकेनची पट्टी लावता येते, उघड्या जखमेवर नाही.

नागीण होऊच नये म्हणून पन्नाशीपुढच्यांसाठी दोन डोसांची लस २०२३ पासून भारतात मिळते. २०१५ च्या मोठ्या चाचणीत ती फार प्रभावी ठरली. महाग आहे. पण एकदा नागीण होऊन गेलेल्यांनाही घेता येते, फक्त अंगावर पुरळ असताना ती उपचार म्हणून चालत नाही.