‘३ दिवस बाकी’ लिहिताना तारीखही का लिहावी?

आषाढीच्या साधारण महिनाभर आधी संत मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरला निघते. समजा, या प्रस्थानासाठी तुम्हाला रोज एक पोस्ट टाकायची आहे. ती कशी आखाल?

आधी पाच माहिती लिहा आणि प्रत्येक दिवसाला एकच द्या. ज्यासाठी लोकांना तयारी करावी लागते, ती माहिती आधी द्या.

५ दिवस आधी: तारीख आणि वेळ, म्हणजे रजा टाकता येते.
४ दिवस: ठिकाण. प्रस्थान कोथळीच्या जुन्या मंदिरातून होते. मुक्ताईनगरात नवे मंदिरही असल्याने बाहेरगावचे लोक चुकू शकतात.
३ दिवस: पालखीचा मार्ग आणि पहिला मुक्काम.
२ दिवस: गाड्या कुठे लावायच्या.
१ दिवस: सोबत काय आणावे.

खरी अडचण फॉरवर्डची आहे. ‘३ दिवस बाकी’ ही इमेज व्हॉट्सअ‍ॅपवर दोन दिवसांनीही फिरते आणि वाचणारा चुकीचा दिवस मोजतो. म्हणून प्रत्येक इमेजवर तारीख, वार आणि ठिकाण छापा. ते फक्त कॅप्शनमध्ये असेल, तर इमेज सेव्ह करून पाठवताना मागेच राहते. वेळ बदलली तर जुनी पोस्ट काढा आणि नव्या इमेजवर ‘बदललेली वेळ’ असे ठळक लिहा.