‘दबाण’ म्हणजे काय, हे मला अर्ज लिहिताना कळलं

आमच्या सोसायटीच्या फाटकापासून बँकेपर्यंत माझी १९० पावलं होतात. आजीची तीनशेच्या वर. त्या रस्त्याला फूटपाथ आहे, पण मी लहानपणापासून आजीला त्यावरून चालताना पाहिलेलं नाही. ती, शेजारचे नाना आणि त्यांची सकाळची मंडळी डांबरी रस्त्याच्या कडेनं, रिक्षांना पाठ देऊन चालतात. गेल्या दिवाळीनंतर एका स्कूटरचा आरसा नानांच्या कोपराला लागला. हाड मोडलं नाही, पण नानांनी पेन्शनच्या कामाला एकटं जाणं सोडलं. तेव्हा मी महापालिकेकडे तक्रार करायची ठरवली.

पहिली तक्रार मी मोबाईलवरून केली, तीही एका ओळीत: ‘फूटपाथवर अतिक्रमण आहे, ज्येष्ठ नागरिकांना त्रास होतो, त्वरित हटवावे.’ चार दिवसांनी ‘निकाल झाला’ असा संदेश आला, सोबत रिकाम्या फूटपाथचा फोटो. फोटो खरा होता, फक्त सकाळी साडेसातचा होता. त्या वेळी दुकानं उघडलेलीच नसतात. संध्याकाळी सहाला सगळं जागच्या जागी!

मग मी वॉर्ड ऑफिसात गेले. गुजरातमध्ये वाढूनही सरकारी गुजराती मला येत नाही, हे तिथे पाच मिनिटांत उघड झालं. टेबलामागचे काका अर्ज वाचून म्हणाले, “बेन, अतिक्रमण नहीं, दबाण लखो. अने कोनुं दबाण?” दबाण हा इथल्या कचेरीचा शब्द. मराठी कानाला त्यात ‘दाबणं’ ऐकू येतं, आणि दाबून बसलेली जागा यापेक्षा नेमकं वर्णन मला तरी सुचत नाही. पण काकांचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा होता. कोणाचं दबाण? मला त्याचं उत्तर देता आलं नाही.

त्या संध्याकाळी मी आईची शिवणाची टेप घेऊन निघाले. लोक बघत होते, पण एकदा वाकून मोजायला लागलं की लाज जाते. फूटपाथची मूळ रुंदी दोन मीटर दहा सेंटिमीटर भरली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा सांगितली आहे. म्हणजे रस्ता बांधणाऱ्यानं काम ठीक केलं होतं. पण भांड्यांच्या दुकानासमोर त्यातली फक्त ४० सेंटिमीटर उरली होती. एवढ्या जागेतून काठी टेकत जाणारा माणूस जाऊच शकत नाही.

मोजताना दिसलं की अडथळे एकाच जातीचे नाहीत. भांडीवाल्यानं बादल्या आणि पिंपं बाहेर मांडली होती. शेजारच्या दुकानानं दोन पायऱ्यांचा सिमेंटचा ओटा पुढे काढला होता. पुढे दुचाक्या आडव्या लावलेल्या, आणि कोपऱ्यावर मासींची भाजीची लारी. आपण या सगळ्याला एकच शब्द वापरतो, पण कायदा तसं करत नाही, आणि एका ओळीची तक्रार इथेच फसते.

आमच्याकडे १९४९चा महानगरपालिका कायदा लागू आहे, मूळचा मुंबई प्रांताचा. पुण्या-नाशिकला आजही त्याच मुळाचा कायदा चालतो आणि कलमांचे आकडेही तेच, त्यामुळे तिकडच्या नातेवाइकांना हे जसंच्या तसं उपयोगी पडेल. त्यातल्या कलम २३१ प्रमाणे रस्त्यावर बेकायदा मांडलेली वस्तू आयुक्त नोटीस न देता उचलू शकतात. बादल्या-पिंपं त्यात येतात. सिमेंटच्या ओट्याचं काम असं एका फेरीत होत नाही. तिथे नोटीस, मुदत आणि मग तोडणं, म्हणजे महिने लागतात. दुचाक्या वाहतूक पोलिसांकडे जातात, दबाण शाखेची गाडी त्यांना हात लावत नाही. आणि मासींच्या लारीला २०१४चा पथविक्रेता कायदा लागू होतो. विक्रेत्यांचं सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत त्यांना उठवता येत नाही, आणि हलवायचं झालं तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते.

हे मी घरी वाचून दाखवलं तेव्हा आजी एवढंच म्हणाली, “तिला उठवायचं नाही हं. तिला सरकवायचं.” मासींकडून ती बावीस वर्षं कोथिंबीर घेते. मला ते आधी भाबडं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी टेप लावली तर दिसलं की लारी आडवी आहे म्हणून अडते. तीच कडेला कुंपणाला समांतर लावली तर १.३ मीटर मोकळे होतात. नियमाइतके नाहीत, पण काठीवाला माणूस जातो. मासींना विचारलं तर म्हणाल्या की आडवी लावली तर गिऱ्हाइकाला लांबून दिसते, बाकी काही अडत नाही.

दुसरा अर्ज मी मैत्रिणीकडून गुजरातीत नीट करून घेतला. एका पानाचा. वर रस्त्याचं नाव, कुठल्या खांबापासून कुठल्या फाटकापर्यंत, आणि अडथळ्याची वेळ: संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ. ही वेळ लिहिल्यामुळे सकाळच्या फोटोवर निकाल लावायची सोय राहिली नाही. मग चार अडथळे वेगवेगळे, प्रत्येकापुढे उरलेली रुंदी आणि टेप दिसेल असा फोटो. बादल्यांपुढे कलम २३१, ओट्यापुढे नोटिशीची मागणी, लारीपुढे ‘हटवू नये, समांतर लावण्यास सांगावे’. दुचाक्यांसाठी एक प्रत वाहतूक शाखेला. शेवटी नानांची हकीकत तीन ओळींत आणि एका संध्याकाळी सहा ते सात या तासात मी मोजलेले, डांबरावरून चालणारे ३७ म्हातारे. दोन्ही प्रतींवर शिक्का आणि आवक नंबर घेतला. तो नंबर नसेल तर पुढे माहिती अधिकारात विचारायला हातात काही उरत नाही.

अकराव्या दिवशी संध्याकाळी गाडी आली. बादल्या गेल्या, दंड झाला. चार दिवसांनी निम्म्या परत आल्या. मी त्याच आवक नंबरावर नवा फोटो जोडून दिला, तेव्हा पुन्हा गाडी आली. आता दुकानदार माझ्याशी बोलत नाही, पण माल उंबऱ्याच्या आत असतो. ओट्याला नोटीस लागली आहे, ओटा अजून आहे. लारी समांतर उभी राहते. दुचाक्या आठवडाभर गायब झाल्या आणि परतल्या.

तरी एका संध्याकाळी पाहिलं तर आजी मोकळ्या फूटपाथच्या शेजारून, डांबरावरूनच चालली होती. मी जवळजवळ ओरडलेच. ती म्हणाली, “अगं, चढू कशी?” मी इतके दिवस रुंदीच मोजत होते. कठड्याला टेप लावली: २८ सेंटिमीटर. त्याच मार्गदर्शक सूचनांत उंचीची मर्यादा १५ आहे. शिवाय प्रत्येक फाटकापाशी फूटपाथ तुटतो, म्हणजे बँकेपर्यंत आजीला ही पायरी पाच वेळा उतरून पाच वेळा चढावी लागणार. मासी आणि बादल्या यायच्या आधीपासून म्हातारी माणसं खाली उतरलेली होती. रिकामी राहिलेली जागा मग दुकानांनी भरली असावी, असं मला आता वाटतं.

हे दबाण नाही, त्यामुळे दबाण शाखा ते घेत नाही. काकांनी मला रस्ते विभागाचं टेबल दाखवलं. तिथे फाटकांपाशी उतार करून मागणारा तिसरा अर्ज गेल्या सोमवारी दिला आहे. आवक नंबर मिळाला आहे.