डाळीवरील फेस

डाळीला उकळी फुटतांना वर जो पांढरट, राखट फेस जमतो तो विषारी असून त्यांत 'यूरिक आम्ल' असतें, असें हल्लीं पुष्कळ घरांतून छातीठोकपणें सांगण्यांत येतें. वडील मंडळींपैकीं कोणास वातरक्ताचा विकार असला म्हणजे तर सुनेच्या हातीं झारा देऊन फेसाचा टिपूसही राहूं न देण्याची ताकीद होते. ही समजूत कितपत खरी आहे तें आम्ही येथें पाहणार आहों.

वाटीभर तुरीची डाळ तीन वाट्या पाण्यांत शिजत घातली म्हणजे तिच्यांतील कांहीं प्रथिनें व थोडें पिठूळ सत्त्व पाण्यांत उतरतें. त्यांच्याच जोडीला सॅपोनिन नांवाचीं द्रव्यें असतात. रिठ्याच्या पाण्याला फेस येतो तो याच जातीच्या द्रव्यांमुळें. रिठ्यास संस्कृतांत 'फेनिल' म्हणतात तें उगीच नव्हे. नुसत्या पाण्याचा बुडबुडा वर येतांच फुटतो. परंतु या द्रव्यांचा पातळ पापुद्रा त्याच्याभोंवतीं बसला म्हणजे तो टिकतो, व असे बुडबुडे एकमेकांवर चढले कीं फेस होतो. काढलेला फेस वाटींत ठेवून पाहावा. थोड्या वेळानें तो बसतो आणि तळाशीं चमचा-दोन चमचे गढूळ पाणी उरतें. तें डाळीचेंच पाणी होय. सॅपोनिन फार असल्यास चव कडवट लागते; पण तुरीच्या डाळींतील अल्प प्रमाणानें निरोगी माणसास अपाय होत नाहीं.

आतां यूरिक आम्लाविषयीं. डाळींत असतात तीं 'प्यूरिन' नांवाचीं द्रव्यें. त्यांचें यूरिक आम्ल होतें तें आपल्या शरीरांत. हीं द्रव्यें डाळींत व तिच्या सगळ्या पाण्यांत पसरलेलीं असतात. केवळ फेसांत गोळा होत नाहींत. म्हणून 'फेस काढला आहे, आतां वरण हवें तितकें घ्या,' असें रोग्यास सांगणें हाच खरा धोका. डाळींतील प्यूरिनें मांसमासळींतल्याइतकीं बाधक ठरत नाहींत हें खरें. तथापि डाळ किती खावी हें डॉक्टरांनीं ठरवावयाचें, झाऱ्यानें नव्हे.

फेसाबरोबर धूळ, टरफलाचे कण वर येतात, यास्तव तो काढल्यास आमची हरकत नाहीं. डाळ तीन-चार पाण्यांनीं धुऊन अर्धा तास भिजविली व तें पाणी टाकलें, तर मुळांत फेसच कमी येतो.

फेसाची भीति बाळगावयाची ती कुकरमध्यें. डाळ व पाणी मिळून भांडें अर्ध्याहून अधिक भरलें, तर फेस चढून वाफेच्या नळींत टरफलें अडकतात. चमचाभर तेल घातल्यास तें पृष्ठभागावर पसरून बुडबुड्यांचे पापुद्रे फोडतें. हळदीबरोबर तेल घालण्याची जुनी रीत या कामीं उपयोगी पडते. शिटींतून पिवळें पाणी उडूं लागलें कीं आंच तत्काळ मंद करावी, आणि भांडें निवल्यावर नळी धुऊन तिच्यांतून उजेड दिसतो कीं नाहीं तें पाहावें.