फुल अँड फायनलमध्ये कंपनीने भलतेच पैसे कापले? एचआरला पत्र लिहायचं ते असं

नोकरी सोडली, शेवटच्या दिवशी केक कापला, सगळ्यांसोबत फोटो झाले. आता फुल अँड फायनलचे पैसे येतील म्हणून माणूस वाट बघत बसतो. आणि एक दिवस एचआरचा मेल येतो की, "तुम्हीच कंपनीला २७,४०० रुपये देणं लागता."

अशा वेळी बहुतेक जण दोन गोष्टी करतात. एक तर रागाच्या भरात "हा अन्याय आहे" असा लांबलचक मेल टाकतात, नाहीतर कटकट नको म्हणून गप्प बसतात. रागाच्या मेलला "कंपनी पॉलिसीप्रमाणे आहे" एवढं एका ओळीचं उत्तर येतं आणि विषय संपतो. कारण "पैसे जास्त कापले" याला उत्तर देणं सोपं असतं. पण "ही रक्कम कोणत्या आकड्याला कोणत्या आकड्याने गुणून आली?" याला उत्तर द्यायचं म्हणजे हिशोब उघडावा लागतो.

हे एका उदाहरणाने समजून घेऊ.

समजा, समीर पुण्यात नोकरी करतो. ग्रॉस पगार महिना ६०,००० रुपये, त्यातलं बेसिक ३०,०००. नोटीस पिरियड ६० दिवसांचा. त्याने २ ऑगस्टला मेलवर राजीनामा दिला आणि १० सप्टेंबर हा त्याचा शेवटचा दिवस ठरला. नोकरी साडेतीन वर्षांची, त्यामुळे ग्रॅच्युइटीचा विषय इथे येत नाही.

कंपनीने पाठवलेला हिशोब असा होता. देणं म्हणून सप्टेंबरच्या १० दिवसांचा पगार २०,००० आणि शिल्लक रजेचे १२,०००, म्हणजे एकूण ३२,०००. कपात म्हणून नोटीसचे ५०,०००, लॅपटॉपच्या नुकसानीचे ८,०००, पीएफ १,२०० आणि प्रोफेशनल टॅक्स २००, म्हणजे एकूण ५९,४००. वजाबाकी केली की समीरच्या अंगावर २७,४०० रुपये निघतात.

नोटीसचे ५०,००० कुठून आले?

समीरने उलटा हिशोब केला. ग्रॉस पगाराचा एक दिवस २,००० रुपयांचा. ५०,००० ला २,००० ने भागलं की येतात २५ दिवस. म्हणजे कंपनीने २५ दिवस कमी भरले असं धरलंय आणि वसुली ग्रॉसवर केलीये.

आता समीरचं अपॉइंटमेंट लेटर काय सांगतं? नोटीस राजीनाम्याच्या तारखेपासून मोजायची आणि कमी दिवसांची वसुली बेसिकवर करायची. २ ऑगस्ट ते १० सप्टेंबर होतात ४० दिवस. म्हणजे कमी पडले २० दिवस. कंपनीने मोजणी मॅनेजरने राजीनामा मंजूर केला त्या ७ ऑगस्टपासून केली, म्हणून ५ दिवस वाढले. बेसिकचा एक दिवस १,००० रुपयांचा, म्हणून कपात व्हायला हवी २०,०००. फरक सरळ ३०,००० रुपयांचा.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. नोटीस बेसिकवर कापायची की ग्रॉसवर, हे तुमच्या करारात काय लिहिलंय त्यावर ठरतं. समीरच्या लेटरमध्ये "ग्रॉस" आणि "मंजुरीच्या तारखेपासून" असं असतं, तर कंपनीचा आकडा बरोबर ठरला असता. म्हणून पत्र लिहिण्याआधी अपॉइंटमेंट लेटर वाचायचं.

रजा आणि लॅपटॉप

ऑगस्टच्या सॅलरी स्लिपवर १८ रजा शिल्लक दिसतात, सप्टेंबरमध्ये समीरने एकही रजा घेतलेली नाही. पैसे मात्र १२ दिवसांचेच दिलेत. पॉलिसीप्रमाणे दर दिवसाला बेसिक भागिले ३०, म्हणजे १,००० रुपये. दर बरोबर आहे, पण ६ दिवस गायब आहेत. काही कंपन्या ३० ऐवजी २६ ने भागतात, त्यामुळे भागाकारही तपासून घ्यायचा.

लॅपटॉप समीरने १० सप्टेंबरला जमा केला. आयटी विभागाने "मिळाला, चालू स्थितीत" अशी पोच मेलवर दिली. मग ८,००० कसले? सामानाच्या नुकसानीबद्दल वेतनातून कपात करायची तर ते नुकसान कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे झालेलं असावं लागतं, आणि कपातीआधी त्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. ही तरतूद आधीच्या वेतन कायद्यात होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे.

मग पत्र कसं लिहायचं?

> विषय: फुल अँड फायनल हिशोबातील तीन नोंदींबाबत
>
> माननीय एचआर व्यवस्थापक,
>
> आपण पाठवलेला हिशोब मिळाला. १० दिवसांचा पगार, पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्स या नोंदी मला मान्य आहेत. पुढील तीन नोंदी मान्य नाहीत.
>
> १. नोटीस वसुली: आपला आकडा ५०,०००. अपॉइंटमेंट लेटरप्रमाणे २० दिवस × १,००० = २०,०००. फरक ३०,०००.
>
> २. शिल्लक रजा: आपला आकडा १२,०००. ऑगस्टच्या स्लिपप्रमाणे १८ दिवस × १,००० = १८,०००. फरक ६,०००.
>
> ३. लॅपटॉप: आपला आकडा ८,०००. १० सप्टेंबरची पोच सोबत जोडली आहे. फरक ८,०००.
>
> एकूण फरक ४४,०००. त्यानुसार माझ्याकडून २७,४०० येणं नसून मला १६,६०० देणं निघतं. कृपया प्रत्येक नोंदीसाठी धरलेले दिवस, दर, कराराचं कलम आणि आधाराची कागदपत्रं ओळीनुसार ७ दिवसांत कळवावीत. माझा रजेचा पूर्ण तपशील आणि लॅपटॉपचा तपासणी अहवालही पाठवावा.

या पत्रात समीरने सुरुवातीलाच बरोबर असलेल्या नोंदी मान्य केल्या. त्यामुळे वाद फक्त तीन ओळींपुरता उरतो आणि "पॉलिसीप्रमाणे आहे" हे उत्तर पुरत नाही. प्रत्येक ओळीत त्यांचा आकडा, आपला आकडा, आधार आणि फरक आहे. फरकांची बेरीजही जुळते: उणे २७,४०० मध्ये ४४,००० मिळवले की १६,६०० उरतात. तुमची बेरीज अशी जुळत नसेल तर पत्र पाठवू नका, कारण समोरचा आधी तीच चूक दाखवेल.

ज्याची खात्री नाही तिथे आरोप करण्यापेक्षा कागद मागायचा. ते ६ दिवस पॉलिसीप्रमाणे बाद झालेलेही असू शकतात. रजेचा तपशील आला की ते कळेल.

कुठे फसतं?

पहिली गडबड म्हणजे "सर्व हिशोब मान्य, काही येणं बाकी नाही" या कागदावर आधी सही करणं. रिलीव्हिंग लेटरसाठी सही करावीच लागत असेल, तर "आक्षेप कायम ठेवून" असं लिहून सही करा आणि फोटो काढून ठेवा. दुसरी गडबड म्हणजे ऑफिसचा मेल बंद होणं. राजीनाम्याचा मेल, स्लिपा आणि पोच शेवटच्या दिवसाआधीच स्वतःकडे हव्यात.

उत्तर आलंच नाही तर? वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचं देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं, आणि वेतनाचा दावा ३ वर्षांच्या आत करता येतो. पुढची पायरी म्हणजे कामगार आयुक्तांचं कार्यालय किंवा वकिलाची नोटीस. तिथे गेल्यावर पहिला प्रश्न "नेमकं किती आणि कशाचं?" हाच असतो. समीरकडे त्याचं उत्तर तारखेसह तयार आहे.