रोहिणीच्या दिशेने ५५ अंशांचा फरक

जानेवारीच्या मध्यात रात्री साडेनवाच्या सुमारास रोहिणी नक्षत्राचा तांबूस तारा रत्नागिरीच्या जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. आकाशातल्या विषुववृत्तापासून तो साडेसोळा अंश उत्तरेला आहे. उटीच्या रेडिओ दुर्बिणीला त्या दिशेने पाहायचे असेल, तर ती काय करते?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली आखलेली ही दुर्बीण १९७० मध्ये सुरू झाली. ती म्हणजे ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी पन्हळ आहे. उटीच्या अक्षांशाइतक्याच, म्हणजे सुमारे ११ अंशांच्या उताराच्या डोंगरावर ती दक्षिणोत्तर बसवली आहे. त्यामुळे तिचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर राहतो. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणाऱ्या ताऱ्यामागे ती यंत्राने वळते, पण उत्तर-दक्षिण कलू शकत नाही. हे काम पन्हळीच्या नाभिरेषेवर ओळीने लावलेले १,०५६ छोटे अँटेना करतात.

लहरीची लांबी ९२ सेंटिमीटर आहे. शेजारच्या दोन अँटेनांत अर्धा मीटर अंतर धरू. रोहिणीच्या दिशेने आलेली लहर आधी उत्तरेकडच्या अँटेनाला भेटते. दक्षिणेकडच्या शेजाऱ्यापर्यंत पोहोचायला तिला ५० गुणिले साइन १६.५, म्हणजे सुमारे १४ सेंटिमीटर जास्त जावे लागते. पूर्ण लहर म्हणजे ३६० अंश, तर १४ सेंटिमीटर म्हणजे साधारण ५५ अंश. म्हणून दक्षिण टोकापासून मोजत पहिल्या अँटेनाचा संकेत तसाच ठेवतात, दुसऱ्याचा ५५ अंशांनी मागे रेटतात, तिसऱ्याचा ११०. आठव्याला ३८५ हवेत, पण पूर्ण फेरी वजा करून २५ पुरतात. आता रोहिणीकडून आलेल्या सगळ्या लहरींचे माथे एकाच क्षणी जुळतात आणि बेरीज मोठी होते. इतर दिशांच्या लहरी बेरजेत एकमेकींना बहुतांशी खोडतात.

फेरी वजा करण्याची ही सवलत एकाच वारंवारतेला लागू पडते. ओळीच्या दोन टोकांत लहरीच्या वाटेचा फरक दीडशे मीटर, म्हणजे अर्धा मायक्रोसेकंद आहे. वारंवारता १ मेगाहर्ट्‌झने बदलली की टोकाचा अँटेना अर्धी लहर चुकतो आणि बेरजेत भर घालण्याऐवजी वजाबाकी करतो. म्हणून ओळीचे ४८-४८ अँटेनांचे २२ गट केले आहेत. गटाच्या आत फेज बदलतात, तिथे हीच चूक आठेक अंशांचीच राहते. गटागटांतला उशीर मात्र प्रत्यक्ष वेळेनेच भरून काढतात.

एखादा गट चुकतो आहे का, हे ओळखायला माहितीच्या प्रखर स्रोताकडे शलाका रोखून त्या एकाच गटाचा फेज थोडा पुढेमागे करतात. बेरीज वाढली, तर त्याची आधीची जुळणी चुकलेली होती.

एक मर्यादा मात्र हिशेबाने सुटत नाही. ६० अंश तिरके पाहिले की त्या दिशेने ओळ निम्मीच लांब दिसते, आणि शलाका दुप्पट रुंद होते.